मेश वाय-फाय: शेवटच्या नोडपाशी स्पीड अर्धा का होतो, आणि जागा बदलायची की तार ओढायची

मेशचे तीन नोड लावलेत, अ‍ॅपमध्ये तिन्ही हिरवे दिसतायत, फोनवर वाय-फायच्या काड्या पूर्ण भरलेल्या आहेत, आणि तरीही मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतोय. अशा वेळी बहुतेक जण आणखी एक नोड घेतात, किंवा इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतात. दोन्हींनी सहसा काही सुधारत नाही, कारण अडचण दुसरीकडेच असते.

आमच्या घरी हेच झालं होतं. घर लांबट आहे, खोल्या एकामागे एक. इंटरनेट ३०० एमबीपीएसचं. मुख्य नोड हॉलमध्ये दारापाशी, दुसरा मधल्या पॅसेजमध्ये, तिसरा मागच्या खोलीत. फोनवर स्पीड मोजला तर हॉलमध्ये २९०, पॅसेजमध्ये २४० आणि मागच्या खोलीत, नोडच्या शेजारी बसूनसुद्धा, ७०. हे ७० चे २९० कसे झाले ते मी पायरीपायरीने सांगतो. आकडे आमच्या घरचे आहेत, पण पद्धत कुठल्याही घरात आणि कुठल्याही कंपनीच्या मेशला लागू पडते.

आधी अर्धं होणं म्हणजे काय ते समजून घ्या

फोनवर दिसणाऱ्या काड्या फक्त फोन आणि जवळचा नोड यांच्यातला सिग्नल दाखवतात. तो नोड पुढे मुख्य नोडशी कसा जोडलाय, हे त्या काड्यांना ठाऊक नसतं. नोड-नोडमधल्या या जोडणीला बॅकहॉल म्हणतात. ती हवेतून असेल तर वायरलेस बॅकहॉल, केबलने असेल तर वायर्ड बॅकहॉल.

वाय-फायचा रेडिओ एका चॅनेलवर एका वेळी एकच काम करतो: ऐकतो किंवा बोलतो. मधला नोड मुख्य नोडकडून माहिती घेत असताना त्याच चॅनेलवर तुमच्या फोनला काही पाठवू शकत नाही. आधी घ्यायचं, मग द्यायचं. तीच माहिती हवेतून दोनदा जाते, म्हणून वेळ दुप्पट लागतो आणि स्पीड अर्धा होतो.

हे सेकंदात मांडलं की पटकन कळतं. समजा ६०० मेगाबिट माहिती आणायची आहे. मुख्य नोड ते दुसरा नोड ही लिंक ६०० एमबीपीएसची असेल तर तिथे १ सेकंद गेला. दुसरा नोड ते फोन ही लिंकही ६०० ची असेल तर आणखी १ सेकंद. एकूण २ सेकंद, म्हणजे फोनला ३०० एमबीपीएस मिळाले. मध्ये तिसरा नोड आला तर ३ सेकंद आणि २०० एमबीपीएस.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यांवरच उभं आहे.

पहिली अशी की अर्धी होते ती वाय-फायची क्षमता. तुमच्या प्लॅनचा स्पीड आपोआप अर्धा होत नाही. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल आणि वायरलेस बॅकहॉलवर अर्धे होऊन ३०० उरत असतील, तर तुम्हाला मागच्या खोलीतही १०० च्या आसपास मिळतील. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वेळेची बेरीज होते, त्यामुळे सगळ्यात कमजोर लिंक सगळा वेळ खाऊन टाकते. वरच्याच उदाहरणात नोड-नोडमधली लिंक ६०० ऐवजी १५० ची असेल, तर तिथे ४ सेकंद जातात. फोनचा १ सेकंद धरून ५ सेकंद झाले, म्हणजे १२० एमबीपीएस. हे अर्धं नाही, पाचवा हिस्सा आहे. "मेशमध्ये स्पीड अर्धा होतो" असं लोक म्हणतात, पण घराघरांत दिसणारी खरी घसरण बहुतेक वेळा या कमजोर लिंकमुळे असते. माहिती एकाच चॅनेलवर हवेतून जातेय तोवर निम्म्याचा नियम टळत नाही, पण कमजोर लिंक मात्र नोड दोन-तीन मीटर सरकवून सुधारता येते. म्हणून आधी जागा बघायची आणि मग तार.

पायरी १: मोजमाप, आणि तेही दोन प्रकारे

मोजल्याशिवाय नोड हलवू नका. नाहीतर सुधारलं की बिघडलं ते कळणारच नाही.

एकच फोन किंवा लॅपटॉप घ्या, त्यावरचा व्हीपीएन बंद करा, फोन असेल तर मोबाइल डेटाही बंद करा. घरातले मोठे डाउनलोड थांबवा. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. मोजण्याआधी मेशच्या अ‍ॅपमध्ये हे उपकरण कुठल्या नोडवर आहे ते पाहा. मागच्या खोलीत बसूनही फोन हॉलच्याच नोडला चिकटलेला असू शकतो, आणि मग तुम्ही भलतीच लिंक मोजत बसता. तसं दिसलं तर फोनचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा.

आता दुसरा प्रकार. नवख्या माणसाला हा कोणी सांगत नाही, आणि खरं निदान मात्र यानेच होतं. लॅपटॉप छोट्या केबलने थेट दूरच्या नोडच्या लॅन पोर्टला जोडा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. आता शेवटचा टप्पा हवेतून जात नाही, म्हणजे जे मोजाल तो निव्वळ बॅकहॉल.

यासाठी इंटरनेटच्या स्पीड टेस्टपेक्षा `iperf3` हा प्रोग्राम बरा. इंटरनेटची टेस्ट तुमच्या प्लॅनच्या आकड्यावर थांबते. बॅकहॉल ४५० चा असला तरी ती ३०० च दाखवणार. `iperf3` घरातल्या घरात मोजतं. मुख्य नोडला केबलने जोडलेल्या एका संगणकावर हे चालवा:

```
iperf3 -s
```

आणि दूरच्या नोडला जोडलेल्या लॅपटॉपवर हे:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 20 -P 4 -R
```

मधला पत्ता त्या पहिल्या संगणकाचा. तुमच्या घरी तो वेगळा असेल. `-t 20` म्हणजे वीस सेकंद मोजणं, `-P 4` म्हणजे एकाच वेळी चार प्रवाह, आणि `-R` मुळे माहिती मुख्य नोडकडून तुमच्याकडे येते, म्हणजे डाउनलोडची दिशा. शेवटी `receiver` असं लिहिलेल्या `SUM` ओळीतला आकडा घ्यायचा.

आमच्याकडे पॅसेजमधल्या नोडला केबल लावून ४५० आले, मागच्या नोडला लावून ९५.

हे आकडे आता सेकंदात बदलू. ६०० मेगाबिट पॅसेजपर्यंत यायला ६०० भागिले ४५०, म्हणजे १.३ सेकंद. मागच्या नोडपर्यंत यायला ६०० भागिले ९५, म्हणजे ६.३ सेकंद. त्यातले १.३ पहिल्या टप्प्याचे, म्हणजे पॅसेज ते मागची खोली या टप्प्याला ५ सेकंद. ६०० भागिले ५ म्हणजे ती लिंक फक्त १२० एमबीपीएसची. त्यावर नोड ते फोन असा १ सेकंद जोडला की एकूण ७.३ सेकंद आणि साधारण ८० एमबीपीएस. फोनवर ७० दिसत होते. हिशेब आणि मोजमाप इतकं जवळ आलं की आपलं निदान बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

त्या ७.३ सेकंदांकडे आणखी एका कारणासाठी बघा. सगळे नोड एकाच चॅनेलवर असतील तर मागच्या खोलीत कोणी डाउनलोड लावलं की तेवढा वेळ सगळ्या घराची हवा अडते. हॉलमध्ये बसलेल्यालाही थांबावं लागतं. दूरच्या नोडची कमजोर लिंक म्हणजे फक्त त्या खोलीची अडचण नव्हे.

पायरी २: नोडच्या जागेवर सिग्नल किती आहे ते पाहा

बऱ्याच मेश अ‍ॅपमध्ये प्रत्येक नोडपुढे त्याचा सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. बॅकहॉलसाठी मी -६० च्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा धरतो. -६५ पर्यंत चालतं. -७० च्या खाली गेलं की रेडिओ संथ, पण न तुटणाऱ्या पद्धतीने बोलू लागतो आणि स्पीड कोसळतो. लिंक तुटत मात्र नाही, म्हणूनच अ‍ॅपमध्ये नोड हिरवा दिसत राहतो.

अ‍ॅप आकडा न दाखवता नुसतंच "चांगलं" किंवा "ठीक" म्हणत असेल तर लॅपटॉपला नोडच्या जागी उभं करा. दूरचा नोड बंद करा, लॅपटॉप बरोबर त्याच जागी त्याच उंचीवर ठेवा आणि आधीच्या नोडचा सिग्नल मोजा. विंडोजवर हे चालवा:

```
netsh wlan show interfaces
```

इथे `Signal` टक्क्यांत दिसतो, `Receive rate` मध्ये लिंकचा दर, `BSSID` मध्ये तुम्ही कुठल्या नोडवर आहात ते, आणि `Channel` मध्ये चॅनेल. मॅकवर ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की `RSSI` आणि `Tx Rate` दिसतात, म्हणजे डीबीएममधला सिग्नल आणि लिंकचा दर.

या दराविषयी एक इशारा. वाय-फाय ६ च्या दोन अँटेना असलेल्या उपकरणाला ८० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त १२०१ दिसतो, वाय-फाय ५ ला ८६७. प्रत्यक्षात मिळतो तो त्याच्या साधारण अर्धा ते दोन तृतीयांश, कारण उरलेला वेळ पोच देण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. तेव्हा १२०१ दिसतोय आणि ६५० च मिळतात म्हणून घाबरू नका. तो दोष नाही.

पायरी ३: नोड हलवा, पण मेलेल्या जागेत ठेवू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी की जिथे वाय-फाय पोहोचत नाही तिथेच नोड ठेवला जातो. वाटतं, इथे नाही ना, मग इथेच लावू. पण त्या जागी फोनला जे ऐकू येत नव्हतं ते नोडलाही धड ऐकू येणार नाही. नोड ठेवायचा तो सिग्नल अजून ठणठणीत आहे अशा शेवटच्या जागी, म्हणजे बहुधा खराब जागेच्या अर्ध्या वाटेवर. तिथून तो पुढे फेकेल.

आमचा तिसरा नोड मागच्या खोलीच्या अगदी टोकाला, टेबलाच्या मागे होता, आणि पॅसेजकडून येणाऱ्या वाटेत काँक्रीटची भिंत आणि लोखंडी कपाट, दोन्ही येत होते. धातूच्या पलीकडे वाय-फाय जवळजवळ जातच नाही. आरसाही तसाच, कारण त्याच्या मागे धातूचा थर असतो. पाण्याची टाकी आणि फिश टँकही सिग्नल शोषून घेतात. विटांची भिंत चालून जाते, काँक्रीटची बरीच जास्त खाते. नोड टीव्हीच्या मागे किंवा बंद कपाटात ठेवला तरी हेच नुकसान.

भिंतीच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. सिग्नल भिंतीला समोरून भिडला तर भिंतीच्या जाडीएवढंच अंतर कापतो. तिरका आला तर जास्त: ४५ अंशांवर जाडीच्या जवळजवळ दीडपट, आणि आणखी तिरका असेल तर दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. म्हणून कागदावर घराचा नकाशा काढा आणि दोन नोडांमध्ये पट्टीने रेघ ओढा. ती रेघ भिंतीतून लांबवर तिरकी जात असेल तर नोड थोडा बाजूला सरकवूनच फरक पडतो. रेघ उघड्या दारातून नेता आली तर उत्तमच. घर दुमजली असेल तर नोड शक्यतो एकावर एक येतील असे ठेवा, म्हणजे स्लॅब सरळ पार होतो.

आम्ही नोड टोकावरून उचलून खोलीच्या दाराजवळच्या शेल्फवर आणला, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर. अंतर कमी झालं ते फक्त तीन मीटर. पण आता पॅसेजमधला नोड दारातून सरळ दिसत होता. सिग्नल -७४ वरून -५८ वर आला. नोड हलवल्यावर लगेच मोजू नका. त्याला पुन्हा जोडून घेऊन स्थिर व्हायला पाचेक मिनिटं द्या. खोलीचं दार लावूनही एकदा मोजा, कारण रात्री ते लावलेलंच असतं.

पॅसेज ते मागची खोली ही लिंक १२० वरून ४०० वर गेली, म्हणजे ५ सेकंदांचे १.५ झाले. नोड आता टेबलापासून चार मीटर दूर, त्यामुळे शेवटचा टप्पा किंचित घटून ५०० वर आला, म्हणजे १.२ सेकंद. एकूण १.३ अधिक १.५ अधिक १.२, बरोबर ४ सेकंद आणि १५० एमबीपीएस. फोनवर मोजले तर १४०.

फोनजवळचा सिग्नल थोडा कमी करून स्पीड दुप्पट झाला. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण सेकंदांची बेरीज बघितली की यात नवल काही नाही.

पायरी ४: कोण कोणाला जोडलंय ते बघा

अ‍ॅपमधल्या नकाशात दूरचा नोड थेट मुख्य नोडला जोडलाय की मधल्याच्या मार्फत, ते दिसतं. प्रत्येक अधिकचा टप्पा वेळ वाढवतो. पण थेट लिंक कमजोर असेल तर दोन जोरदार टप्पे तिच्यापेक्षा बरे. आमच्याकडे मुख्य नोड ते मागची खोली थेट लिंक १०० च्याही आत होती, म्हणजे ६ सेकंदांहून जास्त. मधल्याच्या मार्फत २.८. त्यामुळे साखळीच योग्य होती. तुमच्या घरात उलटं असू शकेल. काही मेशमध्ये कुठला नोड कुणाला जोडायचा ते आपण ठरवू शकतो. ती सोय नसेल तर मधला नोड थोडा वेळ बंद करून, दूरच्याला मुख्य नोडला थेट जोडून मोजून बघा.

छोट्या घरात दोन नोड पुरत असताना तीन लावले असतील तर मधला काढूनही बघा. नोड कमी करून स्पीड वाढलेला मी पाहिलाय.

ट्राय-बँड घेतला तर?

साध्या ड्युअल-बँड मेशमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन रेडिओ असतात, आणि ५ गिगाहर्ट्झवरच फोनही बोलतात आणि नोडही. ट्राय-बँडमध्ये तिसरा रेडिओ असतो, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा किंवा ६ गिगाहर्ट्झचा, आणि तो बहुधा बॅकहॉलसाठी राखीव असतो. मग नोड एका रेडिओवर घेत असताना दुसऱ्यावर देऊ शकतो. निम्मं होणं टळतं आणि दोन टप्प्यांपैकी जो कमी तेवढा स्पीड मिळतो.

पण हे एका टप्प्यापुरतं. साखळीत तिसरा नोड असेल तर मधल्या नोडला त्या राखीव रेडिओवरच घ्यायचं आणि द्यायचंही असतं. आमच्या आकड्यांनी १.३ अधिक १.५, म्हणजे २.८ सेकंद आणि साधारण २१५ एमबीपीएस. शिवाय ६ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे ५ पेक्षाही लवकर थकतो. नोड कपाटामागेच राहणार असेल तर ट्राय-बँडही त्याला वाचवू शकत नाही.

पायरी ५: तार

केबलवरून माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांनी जाते आणि ती हवा अडवत नाही. आपल्या हिशेबात त्या टप्प्याचे सेकंद सरळ खोडून टाकायचे. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते आणि त्यात साधारण ९४० एमबीपीएस खरोखर मिळतात. नवीन ओढणार असाल तर कॅट ६ घ्या, आणि आतल्या तारा पूर्ण तांब्याच्या आहेत ना ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबल वाकवताना तुटते. विजेच्या वायरीच्या पाइपमधून ही केबल नेऊ नका.

दोन्ही नोडांपर्यंत केबल एकदम नेणं जमत नसेल तर आधी मधल्या नोडला द्या. साखळीत सगळ्यांचा माल तिथूनच जातो. आम्ही आधी तेवढंच केलं: हॉल ते पॅसेज, भिंतीच्या कडेने. पहिल्या टप्प्याचे १.३ सेकंद गेले, उरले १.५ अधिक १.२, म्हणजे २.७ सेकंद. हिशेब २२० सांगत होता, फोनवर २०५ आले. पॅसेजमध्येही २४० चे २९० झाले.

पुढे पॅसेजमधल्या नोडच्या दुसऱ्या पोर्टमधून केबल मागच्या खोलीत नेली. तारेची साखळी चालते. त्यात स्पीड निम्मा होत नाही. आता हवेतला एकच टप्पा उरला, नोड ते फोन, ५०० चा. प्लॅन ३०० चा, म्हणून मोजताना २९० आले. हॉलइतकेच.

केबल जोडताना ज्या चुका होतात त्या सांगतो.

केबल मुख्य नोडच्या लॅन पोर्टमधून निघायला हवी. इंटरनेट कंपनीच्या डब्यातून एक वायर मुख्य नोडला आणि दुसरी थेट दूरच्या नोडला दिली, तर दूरचा नोड मुख्य नोडच्या नेटवर्कबाहेर जातो. तो अ‍ॅपमध्ये ऑफलाइन दिसतो किंवा पुन्हा वायरलेसवर जातो. कंपनीचा डबाच राउटर म्हणून ठेवायचा असेल तर सगळी मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे ती राउटरचं काम सोडून फक्त वाय-फाय पुरवते. बहुतेक मेशमध्ये मग त्याच डब्यातून दोन्हींना वायर देता येते, पण तुमच्या मेशच्या मदत पानावर ते एकदा तपासून घ्या.

पोर्टचा वेग पाहा. काही स्वस्त नोडांचे पोर्ट १०/१०० असतात, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचे, प्रत्यक्षात ९४. अशा नोडला तार लावली तर आमच्या १४० चे उलट ९४ झाले असते. तिथे चांगल्या जागी ठेवलेला वायरलेस नोडच बरा.

पोर्ट गिगाबिटचा असूनही मोजमाप बरोबर ९४ च्या आसपास अडकत असेल तर केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलीय किंवा प्लगमध्ये नीट बसलेली नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, आणि उपकरण न सांगता खाली उतरतं. प्लग नवीन बसवला की बहुधा काम होतं.

एका नोडला एकाच स्विचमधून दोन केबल देऊ नका. वर्तुळ तयार होतं, स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागतात आणि घरभर नेट बंद पडतं. तसं झालं तर दुसरी केबल काढा, मिनिटभरात सगळं पूर्ववत होईल.

जोडून झाल्यावर अ‍ॅपमध्ये त्या नोडपुढे `Ethernet` किंवा `Wired` लिहून आलंय का ते पाहा. नसेल तर नोड एकदा बंद करून चालू करा.

तार ओढणं शक्यच नसेल तर भिंतीत जुनी टीव्हीची कोएक्शियल केबल आहे का ते बघा. तिच्या दोन टोकांना मोका अडॅप्टर लावले की ती नेटवर्कच्या केबलसारखी वापरता येते. विजेच्या वायरिंगवर चालणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात, पण त्यांचा स्पीड वायरिंगवर आणि चालू असलेल्या यंत्रांवर इतका अवलंबून असतो की परत करता येणार असतील तरच घ्या.

तार लावल्यावर जागा पुन्हा बदला

नोडला आता आधीच्या नोडचा आवाज ऐकायची गरज राहिली नाही. म्हणजे दाराजवळ ठेवण्याचं कारण संपलं. आम्ही मागचा नोड शेल्फवरून काढून खोलीच्या मध्यावर, कामाच्या टेबलाकडे नेला. तोच नोड, तीच खोली, पण बॅकहॉल बदलला की योग्य जागा बदलते. वायरलेस असताना नोड मुख्य नोडकडे ओढून ठेवायचा. वायर्ड असताना माणसं बसतात तिथे ठेवायचा.

नोड एकमेकांच्या फार जवळ आले असतील तर फोन दूरच्यालाच चिकटून राहतात. चालत मागच्या खोलीत आलात आणि स्पीड कमी वाटला, तर अ‍ॅपमध्ये फोन कुठल्या नोडवर आहे ते आधी बघा. नोडांमध्ये निदान एक भिंत किंवा सात-आठ मीटर अंतर असेल तर हा त्रास कमी होतो.

आणखी एक गोष्ट महिन्या-दोन महिन्यांनी तपासत जा. केबल निघाली तर मेश तक्रार करत नाही. नोड गुपचूप वायरलेसवर जातो आणि चालत राहतो. आमच्याकडे पॅसेज झाडताना केबलला धक्का लागला होता. नेट बंद पडलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. चार दिवसांनी मागच्या खोलीत फाइल चढवायला फार वेळ लागतोय असं वाटलं म्हणून मोजलं तर स्पीड २९० च्या खाली आला होता. अ‍ॅप उघडलं, पॅसेजच्या नोडपुढे `Ethernet` ऐवजी वाय-फायचं चिन्ह होतं. वाकून बघितलं तर प्लग पोर्टमध्ये होता, पण त्याची छोटी प्लास्टिकची जीभ तुटलेली होती, त्यामुळे तो अर्धाच आत राहत होता. नवीन प्लग बसवला, "टक्" असा आवाज येईपर्यंत आत ढकलला, आणि दोन मिनिटांत अ‍ॅपमध्ये पुन्हा `Ethernet` आलं.